आयनाभोवतीचं वातावरण आणि सीमांत नियम: अतिविरल द्रावणातला γ± स्वतः कसा काढायचा

बाटलीवर ०.०१ मोलॅल हायड्रोक्लोरिक आम्ल असं लिहिलेलं आहे. वजन पुन्हा केलं, टायट्रेशन पुन्हा केलं, तरी आकडा तोच येतो. मग त्याच द्रावणात एक हायड्रोजन इलेक्ट्रोड आणि एक सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड बुडवून सेलचं व्होल्टेज मोजलं, की हिशेब वेगळंच सांगतो: हे आम्ल ०.००९० मोलॅल असल्यासारखं वागतंय. आम्ल कुठे उडून गेलेलं नाही. ते अर्धवट विचरित आहे असंही नाही, कारण पाण्यात हायड्रोजन क्लोराइड जवळजवळ संपूर्ण आयनांमध्ये फुटतो. सगळे आयन हजर आहेत, पण त्यांचा प्रभाव दहा टक्क्यांनी कमी पडतोय.

मोजलेली संहती आणि प्रत्यक्ष वागणूक यांना जोडणारा ०.९० हा गुणक म्हणजे सरासरी सक्रियता गुणांक. वर्गात आपण त्याला ‘मीन ॲक्टिव्हिटी कोएफिशंट’ म्हणतो आणि γ± असं लिहितो. तो कुठून येतो, कागदावर कसा काढायचा, आणि काढलेल्या आकड्यावर कुठपर्यंत विश्वास ठेवायचा, ते या लेखात क्रमाने पाहू. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं किंवा एम.एस्सी.च्या सुरुवातीचं रसायनशास्त्र असलेल्या, पण हा विषय पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या वाचकासाठी हे लिहितोय. लॉग आणि वर्गमूळ देणारा साधा कॅल्क्युलेटर पुरेल.

आधी चित्र दुरुस्त करू

‘आयनिक वातावरण’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुस्तकातली एक आकृती येते: मधोमध एक अधिक चिन्ह, त्याला चिकटून सात-आठ उणे चिन्हं. ही आकृती मीही बरीच वर्षं फळ्यावर काढली. आता काढत नाही, कारण तिच्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं की प्रत्येक धनायनाभोवती ऋणायनांचा घोळका उभा असतो. अतिविरल द्रावणात असा घोळका नसतो.

त्याऐवजी असं पाहा. द्रावणातल्या एका सोडियम आयनावर बसून तुम्ही आजूबाजूला बघताय. उष्णतेमुळे सगळे आयन सैरावैरा धावताहेत, आणि ही धावपळ त्यांना सगळीकडे सारखं पसरवू पाहते. पण तुमच्या आयनाचा धन प्रभार क्लोराइडला किंचित जवळ ओढतो आणि दुसऱ्या सोडियमला किंचित दूर लोटतो. कुठल्याही एका क्षणी तुम्हाला विशेष काही दिसणार नाही. बराच वेळ बघत राहून सरासरी काढली, तर मात्र लक्षात येईल की जवळच्या भागात क्लोराइड जरा जास्त वेळ असतात आणि सोडियम जरा कमी वेळ. या सरासरीतून जो हलका ऋण प्रभार पसरलेला दिसतो, ते तुमच्या आयनाचं वातावरण. त्या सगळ्या प्रभाराची बेरीज केली तर ती तुमच्या आयनाच्या प्रभाराइतकीच येते, फक्त उलट चिन्हाची. शिवाय प्रत्येक आयन स्वतः केंद्र असतो आणि त्याच वेळी इतरांच्या वातावरणाचाही भाग असतो.

या वातावरणाची जाडी किती? पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, जाडी नॅनोमीटरमध्ये अशी मिळते:

१/κ = ०.३०४ / √I

I म्हणजे आयनिक स्ट्रेंथ. तिची व्याख्या पुढे येईल. साध्या मिठासारख्या एकेरी प्रभाराच्या क्षारासाठी ती संहतीइतकीच असते, एवढं सध्या पुरे. ०.००१ मोलॅल मिठाच्या पाण्यात ही जाडी, म्हणजे डिबाय लांबी, ९.६ नॅनोमीटर भरते. आता ९.६ नॅनोमीटर त्रिज्येच्या गोलात एकूण आयन किती असतील ते मोजा. एका घन नॅनोमीटरमध्ये सरासरी ०.००१२ आयन आणि गोलाचं घनफळ सुमारे ३,७०० घन नॅनोमीटर, म्हणजे साडेचार आयन. दोन्ही चिन्हांचे मिळून साडेचार! हा आकडा लक्षात ठेवा, नियम कुठे मोडतो हे आपल्याला तोच सांगणार आहे.

वर्गमूळ कुठून आलं

क्षार पाण्यात पूर्णपणे फुटतात आणि त्यांच्या वागणुकीतला फरक आयनांच्या परस्पर ओढीमुळे पडतो, ही कल्पना डिबाय आणि ह्युकेल यांच्या आधीची आहे. तिचा एक महत्त्वाचा प्रयत्न कोलकात्यात झाला. ज्ञानेंद्रचंद्र घोष यांनी १९१८ च्या सुमारास द्रावणातले आयन स्फटिकासारख्या जाळीत मांडलेले आहेत असं धरून हिशेब केला. जाळीतल्या दोन शेजाऱ्यांमधलं अंतर संहतीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतं, त्यामुळे त्यांच्या सूत्रात घनमूळ आलं. विरल द्रावणांवरची अचूक मोजमापं मात्र वर्गमुळाकडे बोट दाखवत होती. १९२३ मध्ये झुरिकमध्ये पीटर डिबाय आणि एरिक ह्युकेल यांनी जाळीची कल्पना सोडली, तिच्या जागी वर वर्णन केलेलं सरासरी वातावरण घेतलं, आणि वर्गमूळ आपोआप बाहेर आलं.

ते कसं आलं, हे सगळी गणितं न करताही समजून घेता येतं. आयनाभोवतीचा विद्युत विभव अंतरानुसार कसा बदलतो हे तिथल्या प्रभारघनतेवर ठरतं, आणि या संबंधात विभवाचं अंतराच्या संदर्भात दोनदा विकलन येतं. प्रभारघनता स्वतः संहती आणि विभव या दोघांच्या प्रमाणात असते. दोनदा विकलन म्हणजे भाजकात लांबीचा वर्ग. म्हणजे या प्रश्नातल्या नैसर्गिक लांबीचा वर्ग संहतीच्या व्यस्त प्रमाणात, आणि लांबी संहतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात.

आता केंद्रातल्या आयनावर परिणाम काय होतो ते पाहू. हिशेब असं सांगतो की वातावरणाचा सगळा उलटा प्रभार डिबाय लांबीइतक्या अंतरावरच्या एका पातळ कवचावर बसवला असता, तर केंद्रावर जो विभव पडला असता तोच इथे पडतो. उलट प्रभार जवळ असल्यामुळे आयनाची ऊर्जा थोडी उतरते. ऊर्जा उतरलेला आयन निसटायला, अभिक्रिया करायला, इलेक्ट्रोडवर जायला थोडा कमी उत्सुक असतो. म्हणून γ± एकापेक्षा कमी. द्रावण संहत होत गेलं की कवच जवळ सरकतं आणि ऊर्जा आणखी उतरते.

इथे दोन लांबींची तुलना केली की सूत्र हातात येतं. पहिली डिबाय लांबी. दुसरी ब्येरुम लांबी: एकेरी प्रभाराचे दोन आयन किती जवळ आले की त्यांची विद्युत ऊर्जा उष्णतेच्या kT एवढी होते, ते अंतर. पाण्यात २५ अंशांना ते ०.७१५ नॅनोमीटर आहे. एका आयनासाठी:

ln γ = − z² × ½ × (०.७१५ ÷ ०.३०४) × √I

यातला अर्धा कुठून आला, असं विद्यार्थी नेहमी विचारतात आणि त्यांनी विचारायलाच हवं. आयनाला एकदम प्रभार दिला आणि वातावरण आधीपासून तयार होतं, असं इथे घडत नाही. प्रभार थोडाथोडा चढवत नेला तर वातावरणही त्याच्याबरोबर थोडंथोडं वाढतं. शून्यापासून पूर्ण किमतीपर्यंत सारख्या गतीने वाढणाऱ्या गोष्टीची सरासरी अर्धी असते, तसाच हा अर्धा.

भागाकार केला तर ०.७१५ ÷ ०.६०८ = १.१७६ मिळतात. नैसर्गिक लॉगवरून दहाच्या लॉगवर यायला २.३०३ ने भागा, ०.५११ येतात. पुस्तकात हाच आकडा ०.५०९ असा दिसतो. शेवटच्या अंकातला फरक पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ७८.४ धरला की ७८.५ यामुळे आणि आपण केलेल्या पूर्णांकनामुळे पडतो. आपण ०.५०९ घेऊ. या स्थिरांकाला A म्हणतात, आणि तो आकाशातून पडलेला नाही हे एकदा स्वतः भागाकार करून पाहिलं की कायम लक्षात राहतं.

‘सरासरी’ का?

फक्त सोडियम आयनांची बाटली कुणालाही भरता येत नाही. बरोबर क्लोराइड किंवा दुसरं काहीतरी येणारच. त्यामुळे एकट्या आयनाचा γ प्रयोगाने वेगळा काढता येत नाही, दोघांचा मिळून भूमितीय मध्यच हाती लागतो. कॅल्शियम क्लोराइडसाठी तो असा: γ± चा घन = γ(Ca) × γ(Cl)².

लॉग घेतले की कॅल्शियमचा वाटा z² = ४, दोन क्लोराइडचे प्रत्येकी १. बेरीज ६, तिघांत वाटली तर २. आणि २ हा दोन्ही प्रभारांच्या गुणाकाराचा आकडाही आहे. हा योगायोग नाही. क्षार विद्युतदृष्ट्या उदासीन असल्यामुळे दरवेळी असंच घडतं. म्हणून अंतिम सूत्र इतकं सुटसुटीत होतं:

log γ± = − ०.५०९ × |z₊ z₋| × √I

याला सीमांत नियम म्हणतात. ‘सीमांत’ या शब्दाला इथे नेमका अर्थ आहे: संहती शून्याकडे नेत गेलं की हा नियम खरा होत जातो.

हातानं एक उदाहरण: ०.००१ मोलॅल कॅल्शियम क्लोराइड

पायरी १. द्रावणातला प्रत्येक आयन आणि त्याची मोलॅलिटी लिहा. Ca²⁺ ०.००१, Cl⁻ ०.००२. क्लोराइड दुप्पट असतो हे इथेच लिहून टाकलं की पुढची चूक टळते.

पायरी २. आयनिक स्ट्रेंथ काढा. ही कल्पना लुईस आणि रँडल यांनी १९२१ मध्ये मांडली. प्रत्येक आयनाची मोलॅलिटी गुणिले त्याच्या प्रभाराचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, आणि तिचं अर्धं:

I = ½ (०.००१ × ४ + ०.००२ × १) = ०.००३

पायरी ३. वर्गमूळ: √०.००३ = ०.०५४८

पायरी ४. प्रभारांचा गुणाकार, चिन्ह सोडून: २ × १ = २

पायरी ५. log γ± = − ०.५०९ × २ × ०.०५४८ = − ०.०५५८

पायरी ६. γ± = १०^(−०.०५५८) = ०.८७९

मोजलेली किंमत सुमारे ०.८९ आहे. म्हणजे आपण एका टक्क्याच्या आसपास चुकलो, आणि चुकलो ते खालच्या बाजूला. चुकीची ही दिशा महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुन्हा येऊ.

या सहा पायऱ्यांत नवख्याचा हात तीनच ठिकाणी घसरताना मी पाहिला आहे. पहिली जागा पायरी २, जिथे प्रभाराचा वर्ग करायचा राहून जातो. दुसरी पायरी ६: कॅल्क्युलेटरवर १० ऐवजी e चा घात दाबला जातो आणि उत्तर ०.९४६ येतं. हे उत्तर दिसायला इतकं शहाणं असतं की शंकाच येत नाही. ०.५०९ वापरला तर दहाचा घात, १.१७ वापरला तर e चा घात, एवढं कागदाच्या कडेला लिहून ठेवा. उत्तर एकाहून मोठं आलं तर मात्र चूक लगेच कळते, उणे चिन्ह हरवलेलं असतं.

तिसरी जागा जरा खोल आहे. सूत्रात z₊ आणि z₋ तुम्ही ज्या क्षाराचा γ± काढताय त्याचे, पण I मात्र द्रावणातल्या सगळ्या आयनांची. सिल्व्हर क्लोराइड घ्या. शुद्ध पाण्यात तो किलोग्रॅममागे सुमारे १.३३ × १०⁻⁵ मोल विरघळतो. इतक्या थोड्या आयनांमुळे γ± जवळजवळ १ राहतो. आता त्याच पाण्यात ०.०१ मोलॅल पोटॅशियम नायट्रेट टाका. या क्षाराचा चांदीशी किंवा क्लोराइडशी काही संबंध नाही, पण I आता ०.०१ झाली. म्हणून सिल्व्हर क्लोराइडसाठी log γ± = −०.५०९ × १ × ०.१, म्हणजे γ± = ०.८८९. सक्रियतांचा गुणाकार ठरावीकच राहायचा असल्यामुळे द्रावणीयता १.३३ × १०⁻⁵ भागिले ०.८८९, म्हणजे १.५० × १०⁻⁵ होते. परका क्षार टाकून न विरघळणारा क्षार बारा टक्के जास्त विरघळला. पोटॅशियम आणि नायट्रेट यांनी चांदीच्या आणि क्लोराइडच्या आयनांना वातावरण पुरवलं, आणि तेवढं पुरे झालं.

नियम खरा आहे का, ते सेलला विचारू

सुरुवातीचा सेल आता हातात घेऊ: एका बाजूला एक बार दाबाचा हायड्रोजन आणि प्लॅटिनम, दुसऱ्या बाजूला सिल्व्हर क्लोराइड चढवलेली चांदीची तार, मध्ये m मोलॅलिटीचं हायड्रोक्लोरिक आम्ल. या सेलची खुबी अशी की दोन्ही इलेक्ट्रोड एकाच द्रावणात असतात, त्यामुळे दोन द्रावणांच्या सांध्यावर तयार होणारं उपद्रवी विभवांतर इथे नसतं. २५ अंशांना:

E = E° − ०.११८३ log (m γ±)

m आपल्याला माहीत आहे, E मोजता येतं. अज्ञात दोन उरले, E° आणि γ±, आणि समीकरण एकच. म्हणून m असलेला भाग डावीकडे घेऊ आणि γ± च्या जागी सीमांत नियम ठेवू. एकेरी प्रभार असल्यामुळे I = m, आणि ०.११८३ × ०.५०९ = ०.०६०२:

E + ०.११८३ log m − ०.०६०२ √m = E°

नियम तंतोतंत खरा असेल तर डावी बाजू प्रत्येक द्रावणासाठी एकच यायला हवी. ही परीक्षा मला फार आवडते, कारण इथे आलेख काढायच्याही आधी नियम स्वतःची मर्यादा दाखवून देतो. या सेलसाठी प्रसिद्ध झालेली चार मोजमापं आणि त्यांवरून मी केलेला हिशेब खाली आहे. आकडे व्होल्टमध्ये आहेत.

| m | E | E + ०.११८३ log m | डावी बाजू पूर्ण |
|---|---|---|---|
| ०.००३२१५ | ०.५२०५३ | ०.२२५६ | ०.२२२२ |
| ०.००५६१९ | ०.४९२५७ | ०.२२६३ | ०.२२१८ |
| ०.००९१३८ | ०.४६८६० | ०.२२७३ | ०.२२१६ |
| ०.०२५६३ | ०.४१८२४ | ०.२३०० | ०.२२०३ |

हिशेब करताना ०.११८३ च्या जागी ०.११८३२ घ्या आणि पूर्णांकन शेवटीच करा, नाहीतर चौथ्या दशांशाला गोंधळ होतो.

तिसरा स्तंभ ४.४ मिलिव्होल्ट वर चढला आहे. तो γ± चा परिणाम आहे. चौथ्या स्तंभात सीमांत नियमाची दुरुस्ती केल्यावर पहिल्या तीन ओळींतला चढ गेला आणि फक्त अर्ध्या-पाऊण मिलिव्होल्टची उतरण उरली. म्हणजे दुरुस्ती बरोबर दिशेची आहे, पण थोडी जास्त झाली आहे, आणि संहती वाढेल तशी ही जास्ती वाढते. शेवटच्या ओळीत ती जवळपास दोन मिलिव्होल्टची आहे.

E° काढायला चौथा स्तंभ m च्या समोर आलेखावर मांडा आणि रेषा m = ० पर्यंत मागे न्या. ०.२२२४ ते ०.२२२५ व्होल्टच्या आसपास उत्तर येतं, आणि मान्य किंमत ०.२२२३ आहे. इथे √m च्या समोर न मांडता m च्या समोर मांडायचं, कारण वर्गमुळाचा भाग आपण आधीच वजा केला आहे आणि उरलेली चूक साधारण m च्या प्रमाणात वाढते. उलट तिसरा स्तंभ √m च्या समोर मांडून, दोन पहिल्या बिंदूंतून सरळ रेषा मागे नेली, तर ०.२२३३ मिळतात, म्हणजे एक मिलिव्होल्ट जास्त. प्रयोगवहीत बहुतेकांचं E° नेमकं एवढंच वर दिसतं, आणि त्याला मीटर जबाबदार नसतो.

E° = ०.२२२३ धरून मागे आलं की प्रत्येक ओळीचा खरा γ± मिळतो. पहिल्या ओळीत तो ०.९३८ येतो, नियम सांगतो ०.९३६. शेवटच्या ओळीत ०.८६२ येतो, नियम सांगतो ०.८२९. विरल टोकाला दोन हजारांश फरक, आणि फक्त आठपट संहत झाल्यावर तीस हजारांशांहून जास्त.

कुठे थांबायचं

आता ते साडेचार आयन आठवा. डिबाय लांबीच्या गोलात किती आयन बसतात याचा हिशेब इतर संहतींनाही करून पाहा. ०.०००१ मोलॅलला चौदा, ०.००१ ला साडेचार, ०.०१ ला दीड, आणि ०.१ ला अर्ध्याहूनही कमी. सलग, हलका, सरासरी ढग ही कल्पना चौदा आयनांना शोभते. अर्ध्या आयनाचा ढग कसा असेल? ०.१ मोलॅलला डिबाय लांबी जेमतेम ०.९६ नॅनोमीटर असते, ब्येरुम लांबीच्या जवळपास. म्हणजे वातावरणातला आयन इतका जवळ आलेला असतो की विद्युत ओढ उष्णतेच्या तोडीची होते. डिबाय-ह्युकेल यांचं गणित सोपं झालं ते ही ओढ उष्णतेपेक्षा बरीच कमी आहे असं धरल्यामुळे. ते गृहीतच इथे निघून जातं. शिवाय आयनाला स्वतःचा आकार आहे, तो शून्य धरलेला आहे.

साध्या मिठासाठी याचं फळ असं दिसतं. ०.००१ मोलॅलला नियम ०.९६४ देतो, मोजमाप ०.९६५. ०.०१ ला ०.८८९ विरुद्ध ०.९०. ०.१ ला ०.६९ विरुद्ध ०.७८. आणि १ मोलॅलला नियम ०.३१ म्हणतो, खरी किंमत ०.६६ आहे. माझा स्वतःचा दंडक असा: एकेरी प्रभाराच्या क्षाराला I = ०.००१ पर्यंत निर्धास्त वापरा, ०.०१ पर्यंत टक्का-दीड टक्का चूक चालत असेल तर वापरा, त्यापुढे हा नियम वापरू नका. दुहेरी प्रभार असेल तर ही हद्द बरीच अलीकडे आणा.

०.०१ च्या थोडं पुढे जायचं असेल तर उजव्या बाजूला (१ + √I) ने भागतात. आयनाला आकार दिल्यावर असा भाजक येतो. वरच्या तक्त्यातल्या शेवटच्या आम्लाला तो लावला की ०.८२९ चे ०.८५१ होतात, खऱ्या ०.८६२ च्या बरेच जवळ.

चुकीच्या दिशेकडे परत येऊ. तुमचे बिंदू log γ± विरुद्ध √I या आलेखावर मांडा आणि सीमांत नियमाची रेषा त्यावर काढा. बिंदू हळूहळू रेषेच्या वर जात असतील तर ते अपेक्षितच आहे, तो आयनांच्या आकाराचा परिणाम. अगदी विरल भागातच बिंदू रेषेच्या खाली जात असतील तर कारण वेगळं आहे: विरुद्ध प्रभाराचे आयन जोडीनं फिरताहेत. मॅग्नेशियम सल्फेटसारख्या दुहेरी-दुहेरी क्षारात हे पाण्यातही घडतं. अशा जोडीचा एकूण प्रभार शून्य, म्हणून ती वातावरणात मोजली जात नाही, आणि मोकळे आयन आपण धरले त्याहून कमी असतात.

पाण्याऐवजी दुसरा द्रावक घेतला तर ०.५०९ वापरू नका. A हा डायइलेक्ट्रिक स्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराच्या दीडाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. इथेनॉलचा स्थिरांक साधारण २४.५, म्हणजे पाण्याच्या जवळपास एकतृतीयांश, आणि A जवळजवळ पावणेसहापट, २.९ च्या आसपास. तापमानाचा परिणाम पाण्यात सौम्य आहे, पण आहे. मे महिन्यात आपल्याकडच्या बिनवातानुकूलित प्रयोगशाळेत पाणी ३५ अंशांवर गेलेलं असतं, तेव्हा A ०.५२ च्या जवळ जातो, ०.११८३ चा ०.१२२३ होतो आणि E° सुद्धा बदलतं. थर्मामीटरची नोंद न करता २५ अंशांचे स्थिरांक वापरले तर या प्रयोगातला मिलिव्होल्टचा खेळ तिथेच संपतो.

मग नियम विरल टोकाला खरा आहे तर द्रावण आणखी विरल का करू नये, १०⁻⁴ पर्यंत का जाऊ नये? मीही एकदा तेच केलं होतं आणि बिंदू एका ओळीत येईनात म्हणून दोन दिवस इलेक्ट्रोड घासत बसलो होतो. दोष इलेक्ट्रोडचा नव्हता. १०⁻⁴ मोलॅल आम्लात γ± ०.९८८ असतो आणि सेलच्या व्होल्टेजवर त्याचा परिणाम सुमारे ०.६ मिलिव्होल्ट. पण तारेवरचं सिल्व्हर क्लोराइड स्वतःही थोडं विरघळतं आणि इतक्या विरल द्रावणात साधारण १.७ × १०⁻⁶ मोलॅल क्लोराइड आपल्याकडून घालतं. म्हणजे क्लोराइड पावणेदोन टक्क्यांनी वाढला, आणि व्होल्टेज सुमारे ०.४४ मिलिव्होल्टने उतरलं. जे ०.६ मोजायचं त्यात ०.४४ ची भेसळ. ०.००३ मोलॅलला हीच भेसळ लाखात दोन भागांच्या घरात असते आणि खुशाल विसरता येते. म्हणून या सेलवर काम करताना पहिलं द्रावण ०.००३ च्या आसपास ठेवा आणि तिथून वर ०.०१ पर्यंत चार-पाच बिंदू घ्या.